चेहरा उजळण्याआधी हिस्टोग्राम पाहा

रात्री अंथरुणात पडल्या पडल्या तुम्ही फोनवर फोटो एडिट करता. खोलीतला दिवा बंद, फोनचा ब्राइटनेस कमी, डोळ्यांना त्रास नको म्हणून पिवळा फिल्टर सुरू. फोटोतला चेहरा काळवंडलेला वाटतो, म्हणून तुम्ही तो उजळता, गालावरचे डाग काढता, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसता. फोटो झकास दिसतो. सकाळी तोच फोटो बाल्कनीत उभं राहून पाहिला, तर चेहरा पिठात बुडवून काढल्यासारखा पांढराफटक आणि डाग काढलेल्या जागी ठिगळं.

इथे दोष तुमच्या हाताचा नसतो, स्क्रीनचा असतो. फोनची स्क्रीन आजूबाजूच्या उजेडाप्रमाणे स्वतःला कमी-जास्त करत राहते आणि आपले डोळेही तेच करतात. म्हणून चेहऱ्यावर उजेड पुरेसा आहे का, हे नुसत्या नजरेनं ठरवणं धोक्याचं. हिस्टोग्राम मात्र स्क्रीनकडे पाहत नाही. तो फोटोच्या फाइलमधले आकडे मोजतो. स्क्रीन मंद करा नाहीतर प्रखर, तो जागचा हलत नाही.

हा डोंगर नेमका कशाचा?

हिस्टोग्राम म्हणजे डोंगररांगेसारखा दिसणारा छोटा आलेख. डावं टोक म्हणजे पूर्ण काळं, उजवं टोक म्हणजे पूर्ण पांढरं. काळ्याला ० आणि पांढऱ्याला २५५ असे आकडे असतात, पण फोनवर ते सहसा लिहिलेले नसतात. म्हणून सोपी युक्ती अशी, की त्या रुंदीचे मनातल्या मनात चार सारखे भाग करा. पहिला भाग गडद सावल्यांचा, दुसरा मध्यम गडद, तिसरा मध्यम उजळ आणि चौथा अगदी उजळ. डोंगर जिथे उंच, तितक्या उजळपणाचे ठिपके फोटोत जास्त.

लाइटरूमच्या मोबाइल ॲपमध्ये फोटो एडिट करायला उघडून त्यावर दोन बोटांनी एकदम टॅप केलं, की हिस्टोग्राम दिसतो. नाहीच आला, तर पुन्हा तसंच टॅप करा. इतरही बऱ्याच एडिटिंग ॲपमध्ये तो कुठेतरी कोपऱ्यात असतो.

आता खरी गोम. हिस्टोग्राम ठिपके मोजतो, पण ते ठिपके फोटोत कुठे आहेत हे सांगत नाही. समोर चेहरा आहे की भिंत, याच्याशी त्याला काही देणं-घेणं नाही. कमरेपर्यंतच्या फोटोत चेहरा किती जागा व्यापतो? फार तर दहावा भाग. बाकी सगळी साडी, भिंत, पडदा, केस. म्हणजे तुम्ही जो मोठा डोंगर पाहून ‘एक्स्पोजर बरोबर आहे’ असं म्हणता, तो बहुतेक वेळा भिंतीचा असतो. मधोमध घंटेसारखा डोंगर आला की फोटो चांगला, असं अनेक व्हिडिओंमध्ये ऐकायला मिळतं. पोर्ट्रेटच्या बाबतीत त्या सल्ल्याला काहीही अर्थ नाही. काळ्या पडद्यासमोर काढलेल्या उत्तम फोटोचा डोंगर डावीकडेच असणार आणि पांढऱ्या भिंतीसमोरचा उजवीकडेच.

म्हणून पहिलं काम म्हणजे चेहऱ्याला एकटं काढणं. फोटोची एक कॉपी करा. त्या कॉपीतून फक्त कपाळ, गाल आणि नाक येईल एवढा चौकोन क्रॉप करा. केस, भुवया, दाढी, ओढणी जमेल तितकी बाहेर ठेवा. कपाळावर मोठी टिकली असेल, तर फक्त गाल घेतलेले बरे. हा तुकडा वेगळा सेव्ह करून उघडा. आता जो हिस्टोग्राम दिसेल, तो त्वचेचा आणि फक्त त्वचेचा.

त्वचेचा डोंगर कुठे असावा?

या प्रश्नाला एकच उत्तर देणारा माणूस तुमची फसवणूक करतो. गोऱ्या त्वचेवरून जास्त प्रकाश परततो, सावळ्या त्वचेवरून कमी. तेव्हा एकाच उजेडात बसलेल्या दोन बहिणींचे डोंगरही वेगळ्या जागी येणार, आणि यायलाच हवेत. साधारण अंदाज सांगायचा, तर गोऱ्या चेहऱ्याचा डोंगर तिसऱ्या भागाच्या मध्यावर किंवा थोडा पुढे येतो, गव्हाळ चेहऱ्याचा मधल्या रेषेच्या आसपास आणि सावळ्या चेहऱ्याचा दुसऱ्या भागात.

चूक होते ती इथेच. सावळ्या मुलीच्या चेहऱ्याचा डोंगर दुसऱ्या भागात दिसला, की ‘अंडर’ समजून तो तिसऱ्या भागात ढकलला जातो. याला एक जुना इतिहासही आहे. फिल्मच्या काळात फोटो लॅबमध्ये रंग जुळवण्यासाठी कोडॅककडून एक नमुन्याचं कार्ड येत असे. त्यावर एका गोऱ्या तरुणीचा फोटो होता आणि त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. कार्डावरची शर्ली नीट दिसली म्हणजे मशीन बरोबर. इतर वर्णांच्या लोकांचे फोटो कसे येतात, हे त्या कार्डावरून कळायला मार्गच नव्हता. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेलं कार्ड कोडॅकनं आणलं ते थेट १९९०च्या दशकात. लॅब गेल्या, फिल्म गेली, पण ‘योग्य एक्स्पोजर म्हणजे गोरा चेहरा’ ही सवय आपल्या बोटांत अजून आहे.

मग सावळा चेहरा खरंच अंधारात आहे की नुसता सावळा आहे, हे ओळखायचं कसं? उत्तर तुमच्या हातातच आहे, अगदी शब्दशः. चेहऱ्याच्या रंगात माणसामाणसांत खूप फरक असतो, तळहाताच्या रंगात मात्र बराच कमी. म्हणून अनुभवी फोटोग्राफर तळहाताचा मापासारखा उपयोग करतात. चांगला उजेड पडलेला तळहात हिस्टोग्रामच्या साधारण तिसऱ्या भागाच्या मध्यावर येतो.

करायचं एवढंच, की फोटो काढताना एक जादा फोटो घ्यायचा. ज्याचा फोटो आहे त्यानं तळहात गालाशेजारी, चेहऱ्यासारखाच कॅमेऱ्याकडे वळवून धरायचा. गालावर पडतो तोच उजेड तळहातावर पडला पाहिजे, हे महत्त्वाचं. कॅमेऱ्यात चेहऱ्यावर बोट थोडा वेळ दाबून ठेवलं की बऱ्याच फोनमध्ये एक्स्पोजर लॉक होतं. ते लॉक करून आधी हातासकट आणि मग हात खाली घेऊन असे दोन्ही फोटो काढा, म्हणजे दोन्हींत उजेड सारखा राहील. (नवरीचा फोटो असेल, तर मेंदी लागण्याच्या आधी! मेंदीच्या तळहाताचं माप चुकणारच. तेव्हा आईचा किंवा बहिणीचा हात शेजारी धरावा.)

एक उदाहरण घेऊन बघू

समजा, तुमच्या भाचीचा फोटो स्थळांना पाठवायचा आहे. तिचा रंग सावळा. तिनं क्रीम रंगाची, बारीक जरीची साडी नेसली आहे, मागे ऑफव्हाइट भिंत आणि डाव्या हाताला खिडकी. फोटो पाहून घरातले म्हणतात, ‘‘फोटो छान ब्राइट आलाय गं, फक्त चेहरा तेवढा उजळ कर.’’

पूर्ण फोटोचा हिस्टोग्राम उघडला, तर चौथ्या भागात भला मोठा डोंगर दिसतो. ती भिंत. त्याला लागूनच तिसऱ्या भागाच्या शेवटी दुसरा डोंगर, ती साडी. अगदी डावीकडे एक टेकडी, ते केस. आणि दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला एक लहानसा उंचवटा. कुणाचं लक्षही जाणार नाही असा तो उंचवटा म्हणजे भाचीचा चेहरा. कॅमेऱ्यानं एवढं सगळं पांढरं पाहून उजेड आवरता घेतला आणि त्याची किंमत चेहऱ्यानं मोजली.

आता चेहऱ्याचा तुकडा उघडा. डोंगराचं टोक दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच आहे, आकड्यांत सांगायचं तर ७५च्या आसपास. डावा पाय शून्याच्या भिंतीला टेकलेला नाही, म्हणजे सावलीच्या बाजूचा तपशील शाबूत आहे. ही चांगली बातमी. पण हा उजेड कमी आहे की तिचा रंगच असा आहे? हातासकटच्या फोटोतून तळहाताचा तुकडा काढा. त्याचं टोक मधल्या रेषेच्या किंचित अलीकडे, साधारण १२०वर आहे. ते असायला हवं तिसऱ्या भागाच्या मध्यावर, म्हणजे १६०च्या जवळपास. याचा अर्थ उजेड खरोखर कमी पडला आहे आणि तो जवळजवळ निम्मा आहे. फोटोग्राफीच्या भाषेत एक स्टॉप कमी.

लाइटरूममधला Exposure हा स्लायडर स्टॉपमध्येच मोजतो. +१.०० म्हणजे उजेड दुप्पट. तो तिथवर नेला, की तळहात १६०च्या आसपास जातो आणि भाचीचा चेहरा ७५वरून साधारण १०५वर. म्हणजे डोंगर अजून दुसऱ्या भागातच आहे, फक्त त्याच्या मध्याच्या पुढे सरकलाय. थांबायचं इथेच. तळहात सांगतोय की उजेड पुरेसा झाला. यापुढे जे कराल, ती एक्स्पोजरची दुरुस्ती नाही, रंग बदलणं आहे. तो उद्योग करायचा की नाही हे घरात ठरवा, पण पाहायला येणारे प्रत्यक्ष मुलीला भेटणार आहेत, एवढं लक्षात असू द्या.

आता पुन्हा पूर्ण फोटोकडे. चेहरा सुधारला, पण भिंत आणि साडी उजवीकडे सरकून टोकाला चिकटली आहेत. भिंत पांढरी झाली तरी बिघडत नाही. साडी मात्र बिघडते, कारण क्रीम रंग आणि जरीची वीण दोन्ही पांढऱ्यात विरघळतात. Highlights हा स्लायडर हळूहळू डावीकडे घ्या, साडीचा डोंगर उजव्या टोकापासून सुटेपर्यंत. मूळ फोटोत साडीचा तपशील होता, तेव्हा तो परत येतो. नाहीच आला, तर उजेड पूर्ण फोटोवर न वाढवता फक्त त्वचेवर वाढवावा लागतो. तसं करताना मान, कान आणि हात विसरू नका. उजळ चेहऱ्याखाली काळी मान राहिली की फोटो ‘एडिट’ केलाय हे शेंबडं पोरही सांगेल.

फोटो पुन्हा काढणं शक्य असेल, तर या सगळ्यापेक्षा ते केव्हाही बरं. भाचीला थोड्या गडद भिंतीसमोर बसवा किंवा चेहऱ्यावर टॅप करून शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह थोडं वर सरकवा. अंधारातून वर ओढलेल्या चेहऱ्यावर बारीक दाणेदार खरखर दिसते, ती मुळात उजेड असलेल्या फोटोत नसते.

लाल रंग आधी दगा देतो

बहुतेक ॲप लाल, हिरवा आणि निळा असे तीन डोंगर एकमेकांवर दाखवतात. काही मात्र सगळं मिळून एकच करडा डोंगर दाखवतात आणि त्यावर विसंबून त्वचेचा निकाल लावू नये. कारण त्वचा कोणत्याही वर्णाची असो, ती लाल प्रकाश सगळ्यांत जास्त परत पाठवते, हिरवा त्याहून कमी आणि निळा सर्वांत कमी. त्यामुळे चेहऱ्याच्या तुकड्यात लाल डोंगर उजवीकडे, हिरवा मध्ये आणि निळा डावीकडे असा क्रम दिसायला हवा. उजेड वाढत गेला, की उजव्या टोकावर सर्वांत आधी लालच जाऊन आदळतो.

हळदीच्या संध्याकाळी पिवळ्या हॅलोजनखाली काढलेले फोटो आठवा. गालाच्या एखाद्या ठिपक्यात लाल २५५, हिरवा १७० आणि निळा १२० असेल, तर करड्या आलेखात त्याची जागा येते १९०च्या आसपास. म्हणजे अजून भरपूर वाव आहे असं वाटतं. प्रत्यक्षात लाल रंग संपलेला असतो. पुढे हिरवा वाढत जातो पण लाल वाढू शकत नाही, म्हणून गालावर आधी नारिंगी आणि मग पिवळट सपाट चट्टा उमटतो. त्या चट्ट्यात त्वचेची छिद्रं नाहीत, गालाची गोलाई नाही, काहीच नाही. फोटो गडद केलात तर चट्टा फक्त मळकट होतो, आत काही उगवत नाही. डाग काढणारा ब्रश शेजारची त्वचा तिथे आणून चिकटवतो, पण शेजारीही तसाच सपाटपणा असेल तर तो तरी काय करणार?

म्हणून तुकड्यात लाल डोंगर उजव्या टोकाला भिंतीसारखा उभा चढलेला दिसला, तर रिटचिंगला बसूच नका. त्याच क्षणाचे इतर फोटो चाळा. लग्नसमारंभात कुणी एकच फोटो काढत नाही, त्यातला एखादा थोडा गडद असतो. तो घ्या आणि तो उजळा. गडद फोटोतून चेहरा वर काढता येतो, करपलेल्या फोटोतून नाही.

अर्थात, टोकाला काहीच टेकता कामा नये असंही नाही. नाकाच्या शेंड्यावर, कपाळावर किंवा ओठांवर घामाची, क्रीमची चमक असते. ती आलेखात उजवीकडे गेलेल्या बारीक, बुटक्या शेपटीसारखी दिसते. तिला हात लावू नका. ती पूर्ण पुसली की चेहरा मेणाचा दिसतो. काळजी करायची ती शेपटीची नाही, भिंतीची.

क्रम उलटा असेल, निळा डोंगर लालच्या पुढे गेलेला असेल, तर प्रश्न उजेडाचा नसून रंगाचा आहे. निळ्या ताडपत्रीच्या मांडवाखाली हे हमखास होतं. तेव्हा आधी रंगाचं तापमान, म्हणजे Temp हा स्लायडर पिवळ्याकडे सरकवून लाल, हिरवा, निळा असा क्रम परत आणा आणि मगच उजेड ठरवा.

हे सगळं रिटचिंगच्या आधीच का?

कारण अर्धं रिटचिंग त्यामुळे वाचतं. कमी उजेडाच्या फोटोत डोळ्यांखालची वर्तुळं आहेत त्याहून खोल दिसतात, गालावरची लव दाट वाटते, रंग असमान वाटतो. भाचीच्या फोटोत उजेड एक स्टॉप वाढवल्यावर तुमच्या लक्षात येईल, की जी वर्तुळं पुसायला तुम्ही निघाला होतात, त्यातली बरीचशी सावली होती. उरलेला एखादा मुरमाचा डाग काढला की झालं.

उलट क्रमानं गेलात, तर काळोखात मारलेला ब्रश काळोखातच जुळलेला दिसतो. नंतर उजेड वाढवला, की ब्रश मारलेली जागा गुळगुळीत आणि भोवतालची खरखरीत असा फरक एकदम डोळ्यांत भरतो. सकाळी बाल्कनीत दिसणारी ठिगळं ती हीच.

दोन-तीन अडचणीच्या जागा

नवरा-बायकोचा जोडफोटो असेल, तर दोघांच्या चेहऱ्यांचे तुकडे वेगळे काढा. दोघांचे डोंगर एका जागी आणायचा हट्ट धरू नका. दोघांपैकी कुणाचाही लाल उजव्या टोकावर आदळत नाही आणि कुणाचीही सावली डाव्या टोकाला चिकटत नाही, एवढं पाहिलं की पुरे.

खिडकीच्या उजेडात अर्धा चेहरा उजळ आणि अर्धा सावलीत असेल, तर तुकड्यात दोन डोंगर येतात. माप उजळ बाजूचं घ्यायचं. सावलीची बाजू मुद्दाम वर ओढली तर चेहऱ्याची ठेवण सपाट होते आणि खिडकीशी बसवण्याचा उद्देशच फसतो.

आणि आलेख जर डोंगरासारखा सलग नसून कंगव्यासारखा दातेरी, मध्ये मध्ये मोकळ्या फटी असलेला दिसला, तर समजा की फोटो आधीच कुणीतरी ताणून एडिट केला आहे. अशा फोटोत गालावरचा उतार सलग न दिसता पट्ट्यापट्ट्यांनी दिसू लागतो आणि आणखी ताणला तर पट्ट्या वाढतात. ज्यानं फोटो काढला त्याच्याकडून मूळ फाइल मागवा. व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल, तर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे ती दाबली न जाता जशीच्या तशी येईल.